फेटा डोक्यावरच राहायला हवा
(इंदुरात गेम बनवणाऱ्या मराठी मुलामुलींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. आज एकाच पात्राबद्दल बोलू. राजवाड्यासमोरून पाडव्याची शोभायात्रा निघाली आहे, असं दृश्य आपल्या गेममध्ये आहे. त्यात नऊवारी नेसलेली, फेटा बांधलेली एक बाई चालते आणि मधूनच गुलाल उधळते. खेळणाऱ्याला तिचा फेटा बदलता यावा, साडी बदलता यावी, केस मोकळे ठेवायचे की वेणी घालायची हे ठरवता यावं. थर एकावर एक ठेवले की काम झालं असं वाटतं आणि उभ्या पात्रावर ते होतंही. ती चालू लागली की फेटा डोक्यावर तरंगतो आणि हात वर गेला की फेट्याखाली दडतो. हे का होतं आणि कसं थांबवायचं, एवढाच आजचा विषय.

मोजमापासाठी तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची शीट घेऊ. लिबरेटेड पिक्सेल कप ही 2012 ची स्पर्धा, तिच्यातून रूढ झालेली 64 × 64 पिक्सेलच्या चौकटींची शीट. आडव्या 13 चौकटी, उभ्या 21 ओळी. चालण्याच्या ओळी वरून मोजत आठव्यापासून अकराव्यापर्यंत, मोजणी शून्यापासून. क्रम पाठमोरी, डावीकडे, समोर, उजवीकडे. पहिली चौकट उभं राहण्याची, पुढच्या आठ चालण्याच्या. सगळ्या हालचालींच्या मिळून 178 चौकटी भरलेल्या असतात. आता प्रत्येक फेटा 178 वेळा काढायचा का? साडीसाठी याचं उत्तर जवळजवळ होच आहे, कारण पाऊल पडलं की काष्टा बदलतो, निऱ्या बदलतात. कापड अंगाबरोबर आकार बदलतं, ते नुसतं सरकवून चालत नाही. फेट्याचा आकार मात्र बदलत नाही, त्याची फक्त जागा बदलते. म्हणून साडी अंगाच्या शीटवरच, चौकटीला चौकट लावून काढायची आणि फेटा खुणेवर बसवायचा. या दोन जातींची सरमिसळ झाली की पुढचे निम्मे घोटाळे तिथेच सुरू होतात.

खूण म्हणजे काय? एसप्राइटमध्ये अंगाच्या फाइलवर `anchor` नावाचा एक वेगळा थर घ्या. प्रत्येक चौकटीत त्यावर ठळक जांभळ्या रंगाचा, `#FF00FF`, एकच पिक्सेल ठेवा. हा थर चित्रात दिसू द्यायचा नाही. एक छोटी स्क्रिप्ट तो वाचते आणि चौकटीगणिक x, y लिहून ठेवते. पिक्सेल कुठे ठेवायचा, हे खरं महत्त्वाचं. केसांच्या वर नको, कारण केस बदलणार आहेत. कवटीवर, कपाळाच्या वरच्या कडेला, जिथे फेट्याची पहिली पट्टी टेकते तिथे. पाठमोऱ्या ओळीत कपाळ दिसत नाही, पण खूण त्याच उंचीवर डोक्याच्या मागच्या बाजूला ठेवायची. खूण नजरेनं लावू नका. डोक्याचं चित्र तेच असून नुसतं एक पिक्सेल खाली गेलं असेल, तर खूणही नेमकी एकच पिक्सेल खाली गेली पाहिजे.

आता उजवीकडे चालण्याची ओळ घेऊ. ती अकरावी, म्हणजे तिची पहिली चौकट 11 गुणिले 13, बरोबर 143, आणि चालण्याच्या चौकटी 144 ते 151. आपल्या बाईच्या खुणेचा y या आठ चौकटींत असा आहे: 20, 21, 20, 19, 20, 21, 20, 19. वरून खाली मोजतोय, म्हणजे 21 ला डोकं सगळ्यात खाली. पाय टेकला, भार आला, डोकं एक पिक्सेल खाली गेलं. पाय सरळ झाला, वर आलं. फेट्याला हे आकडे मिळाले नाहीत तर तो 20 वरच बसून राहतो. मग खालच्या चौकटीत कपाळ आणि फेटा यांच्यामध्ये एक रेघ उघडी पडते आणि वरच्या चौकटीत फेटा भुवयांकडे सरकतो. एका पिक्सेलचाच फरक, पण फेटा तरंगतोय असं वाटतं ते त्यामुळेच.

गोडोमध्ये सगळे थर साधे `Sprite2D` ठेवा. साडीला आणि हाताला अंगाइतक्याच चौकटी द्या. कोणत्याही थराला स्वतःचं अ‍ॅनिमेशन देऊ नका. चौकटीचा आकडा अंगाचा, बाकीच्यांनी तो फक्त वाचायचा. प्रत्येक थराचं घड्याळ वेगळं ठेवलं, तर कपडे बदलण्याच्या क्षणी नवी साडी शून्याव्या चौकटीपासून सुरू होते आणि पाय पुढे, काष्टा मागे अशी अवस्था होते.

```gdscript
func _on_body_frame_changed() -> void:
    var f := body.frame
    saree.frame = f
    hand_front.frame = f
    var a = anchors[f]
    feta.frame = a.pose
    feta.position = a.pos - grip[a.pose]
```

इथे `grip` म्हणजे फेट्याच्या चित्रातला तो पिक्सेल जो खुणेवर टेकतो. `pose` म्हणजे फेट्याचं कोणतं चित्र वापरायचं. चार दिशांची चार, हात फिरवताना झुकलेल्या डोक्याची काही, पडतानाची काही. दहा-बाराच्या पुढे हा आकडा सहसा जात नाही. झुकलेल्या डोक्यासाठी फेटा कोडनं फिरवायचा मोह टाळा. इतक्या लहान चित्राला पंधरा अंशांत फिरवलं की कडेचे पिक्सेल तुटतात आणि फेट्याच्या पट्ट्या दातेरी दिसतात. हातानं काढलेलं वेगळं चित्रच तिथे शोभतं. सगळ्या थरांचं `centered` बंद करा. ते सुरू राहिलं आणि चित्राची रुंदी विषम असली, तर जागा अर्ध्या पिक्सेलवर जाते आणि फेट्याची कड चालताना विस्कटते.

फेट्याचा शेमला मात्र डोक्याला घट्ट चिकटलेला नाही. डोकं खाली जातं तेव्हा त्याचं टोक वर राहतं, डोकं वर येतं तेव्हा टोक खाली ओढलं जातं. यासाठी भौतिकशास्त्राचं इंजिन नको. आताचा y वजा आधीच्या चौकटीचा y, एवढंच बघा. आपल्या आठ आकड्यांत तो फरक येतो +1, +1, -1, -1 आणि पुन्हा तेच. पहिल्या चौकटीच्या आधीची म्हणजे आठवी, कारण चाल गोल फिरते. फरक अधिक असेल तर टोक उचललेला शेमला, उणे असेल तर टोक झुकलेला. दोन चित्रांत काम होतं. शिवाय हे वेळेवर नाही, चौकटीवर अवलंबून आहे, त्यामुळे गेम हळू चालला तरी शेमला चुकत नाही. वेणीलाही हाच नियम लावा.

केसांचं दुखणं वेगळं. अंबाडा किंवा उंच बांधलेले केस फेट्यातून वर डोकावतात. प्रत्येक केशरचनेची फेट्याखालची आवृत्ती काढत बसलात तर दहा केशरचना आणि दहा फेटे म्हणजे शंभर जोड्या तपासाव्या लागतील. त्याऐवजी प्रत्येक फेट्याच्या चित्राबरोबर एक मुखवटा ठेवा: फेट्याच्या आतला भाग आणि त्याच्या वरची सगळी जागा एकाच रंगानं भरलेली. तो फेट्याच्याच खुणेवर बसतो आणि त्याच्या हद्दीतले केसांचे पिक्सेल पुसतो. यासाठी केस आधी दोन थरांत विभागलेले हवेत. चेहऱ्याभोवतीचे पुढचे, आणि पाठीवरचे मागचे. मुखवटा पुढच्यांवरच चालवायचा, नाहीतर फेट्याच्या मागून दिसणारी वेणीची सुरुवातही कापली जाते.

आता तो हात. गुलाल उधळण्यासाठी आपण वार करण्याची ओळ वापरतोय, सहा चौकटींची. समोरून पाहताना मधल्या एका चौकटीत हात डोक्यापुढून जातो. हात अंगाच्याच चित्रात असेल, तर अंगावर ठेवलेला फेटा त्यालाही झाकतो आणि मनगट फेट्यात घुसल्यासारखं दिसतं. त्या चौकटींपुरता हात अंगातून कापून `hand_front` या थरावर न्या आणि चोळीची बाहीही त्याच रेषेत कापा. बाही विसरली तर उघडा हात फेट्यावरून जातो आणि बाही खालीच राहते. पाठमोऱ्या ओळीत हाच हात डोक्याच्या पलीकडे असतो, म्हणून तिथे तो सगळ्यात खाली, आणि वेणी नि शेमला साडीच्या वर. थरांचा क्रम दिशेवर ठरत नाही, चौकटीवर ठरतो. तो खुणेच्याच तक्त्यात आणखी एका रकान्यात लिहा.

क्रम बदलायला अनेकजण `z_index` वापरतात. एकट्या पात्रावर ते छान दिसतं. शोभायात्रेत मात्र मागच्या बाईचा फेटा पुढच्या बाईच्या चेहऱ्यावर उमटतो, कारण हा आकडा एका पात्रापुरता नसून त्या सगळ्या दृश्याला लागू होतो. अंगाचा थर शून्यावर आणि सगळे फेटे पाचवर असतील, तर सगळे फेटे सगळ्या अंगांच्या वर जाणारच. त्यापेक्षा `move_child` वापरून पात्राच्या आतच थरांची जागा बदला.

आरशातली प्रत हाही एक सापळा आहे. डावीकडची ओळ न काढता उजवीकडची उलटवली, तर खुणेचा x कसा बदलतो? 64 मधून वजा नाही करायचा, 63 मधून, कारण पिक्सेल 0 ते 63 असे मोजले जातात. समजा x 35 आहे, फेट्याचं चित्र 32 रुंद आहे आणि त्याची टेकण्याची जागा 14 वर. उलटवल्यावर खूण 28 वर, टेकण्याची जागा 17 वर, म्हणून फेट्याची डावी कड 11 वर. 64 धरलं तर ती 12 येते आणि डावीकडे चालताना फेटा सतत एक पिक्सेल घसरलेला दिसतो. शिवाय तुरा एका बाजूला असेल तर तोही उलटतो. तुरा ज्या फेट्याला आहे त्याची डावी-उजवी चित्रं वेगळीच काढावीत, असं माझं ठाम मत आहे.

शीट बाहेर काढताना कडेची रिकामी जागा छाटण्याचा पर्याय कपड्यांना लावू नका. छाटल्यावर प्रत्येक चौकटीचं माप वेगळं होतं आणि मूळ जागा `spriteSourceSize` मध्ये नोंदलेली राहते. ती वाचली नाही तर साडी प्रत्येक पावलाला आडवीतिडवी थरथरते. फेटा चुकला तर तो एकाच दिशेनं चुकतो, साडी मात्र दर चौकटीला वेगळीकडे जाते. या फरकावरून कारण लगेच ओळखता येतं. न छाटलेली पूर्ण शीट 832 × 1344, म्हणजे स्मृतीत साधारण साडेचार एमबी. आठ थर झाले की एका बाईमागे छत्तीस. गर्दीत हे परवडत नाही. म्हणून कपडे बदलले की एकदाच सगळे थर त्या त्या चौकटीच्या क्रमानं `blend_rect` नं एका शीटवर उतरवा आणि चालताना तीच वापरा. खुणा, मुखवटे आणि क्रम सगळे चौकटीवर बांधलेले असल्यामुळेच हे जमतं.

तपासणी मात्र चालत्या चित्रावर करू नका, डोळा फसतो. अंगाचं डोकं पूर्ण जांभळं, केस पूर्ण हिरवे करा, फेटा चढवा आणि सगळी शीट चौपट मोठी करून एकाच पानावर पाहा. फेट्याच्या पट्टीच्या वर एकही जांभळा किंवा हिरवा पिक्सेल दिसला, तर त्या चौकटीची ओळ आणि रकाना टिपून घ्या. चूक आठच्या आठ चौकटींत असेल तर `grip` चुकलेला असतो. एखाददुसऱ्याच चौकटीत असेल तर तिथली खूण हलली आहे. आणि एकाच दिशेच्या ओळीत असेल तर आधी आरशाचा हिशेब पाहा.