कस्टमर सहा-आठ महिने लावतोय? मधल्या काळात मेलमध्ये काय पाठवायचं

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ नाशिकमधल्या त्या लोकांसाठी आहे जे अंबड, सातपूर, सिन्नरच्या कंपन्यांना मोठी मशिनरी विकतात, म्हणजे जिथे कोटेशन दिल्यापासून पीओ हातात पडेपर्यंत सहा-आठ महिने आरामात जातात. आणि त्या मधल्या काळात आपण काय करतो, तर दर पंधरा दिवसांनी एक मेल टाकतो, "सर, जस्ट फॉलो अप, काही अपडेट?" बास. आता समोरच्याकडे अपडेट नसतो म्हणून तर तो गप्प असतो ना, मग अशा चार मेलनंतर तो तुमचं नाव बघूनच मेल उघडत नाही.

मी एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. समजा तुम्ही एअर कॉम्प्रेसर विकता. अंबडमधली एक ऑटो पार्ट्सची कंपनी, तिथे जुना ३७ किलोवॅटचा, म्हणजे ५० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर, आणि तुम्हाला त्यांना व्हीएफडीवाला, म्हणजे हवेच्या गरजेप्रमाणे स्पीड कमी-जास्त करणारा, नवीन द्यायचाय. ऑगस्टमध्ये व्हिजिट झाली, मेंटेनन्सचे साहेब खूश, पण ते म्हणाले की कॅपेक्स आता पुढच्या वर्षीच, एप्रिलनंतर. म्हणजे घाई करून काही होणार नाही, पण गायब झालात तर एप्रिलमध्ये कोटेशन दुसऱ्याचं असेल.

पहिला मेल व्हिजिटच्या दुसऱ्या दिवशीच जायला हवा. ब्रोशर नाही, त्यांच्या प्लांटमध्ये तुम्ही काय पाहिलं ते लिहा. म्हणजे प्रेशर साडेसात बारवर सेट आहे पण लाईनच्या शेवटच्या मशीनला सहाच लागतंय, आणि एक बार प्रेशर कमी केलं तर वीज साधारण ६ ते ७ टक्के वाचते, तर थोडं थोडं, म्हणजे पॉइंट दोन-पॉइंट दोननं, खाली आणून बघा आणि कुठलं मशीन कुरकुरतं ते नोंदवा. बघा, यात त्यांना काहीही विकत घ्यायचं नाहीये, एक सेटिंग बदलायचंय फक्त. तुमच्याकडून काही न घेताही ज्याचा उपयोग होतो तोच मेल ते जपून ठेवतात.

आता दुसरा मेल, आणि इथे लोक चुकतात कारण ते आपल्या कॅलेंडरवर चालतात, पंधरा दिवस झाले की टाक मेल. गॅप त्यांच्या कॅलेंडरवरनं ठरवा. आपल्या इथे दिवाळीत बरेच प्लांट काही दिवस बंद असतात, आणि हवेची लीक मोजायला यापेक्षा चांगली वेळ वर्षात नाही कारण कुठलंच मशीन हवा घेत नसतं. म्हणून हा मेल दिवाळीच्या साधारण दोन आठवडे आधी, म्हणजे कोणाला ड्युटीवर थांबवायचं हे त्यांना ठरवता येईल. मी असा लिहीन, यात लोड म्हणजे कॉम्प्रेसर हवा भरतोय आणि अनलोड म्हणजे नुसता फिरतोय:

"नमस्कार सर, शटडाऊनमध्ये तासाभराचं एक काम सुचवतो. सगळी मशिनं बंद ठेवा पण हवेची लाईन उघडी ठेवा आणि कॉम्प्रेसर चालू करा. तो किती वेळ लोडवर राहतो आणि किती वेळ अनलोडवर, ते घड्याळ लावून पाच-सहा वेळा लिहून घ्या. रीडिंग पाठवलंत तर हिशोब मी करून देतो. दिवाळीच्या शुभेच्छा."

एवढंच. कोटेशनचा उल्लेखसुद्धा नाही. आणि एक, ही पद्धत लोड-अनलोडवाल्या फिक्स्ड स्पीड मशीनलाच चालते, त्यांच्याकडे आधीच व्हीएफडी असेल तर हा मेल पाठवू नका, कारण ते मशीन स्पीड कमी-जास्त करून चालतं, मग ही वेळ मोजून काही कळत नाही आणि तुम्हाला विषय माहीत नाही हे मात्र त्यांना कळतं.

समजा रीडिंग आलं, सरासरी २ मिनिटं लोड, ६ मिनिटं अनलोड. २ भागिले ८, म्हणजे मशीनच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा गळतीतच जातेय. तिसरा मेल म्हणजे हा हिशोब, आणि इथे प्रामाणिक राहायचं. घाईत लोक म्हणतात २५ टक्के गळती म्हणजे २५ टक्के वीज वाचली, तसं नसतं, कारण अनलोडवरसुद्धा मशीन वीज खातं. लोडला ३७ किलोवॅट धरा, अनलोडला ११, फरक २६. गळती शून्य कोणाचीच होत नाही, १० टक्क्यांवर आणली असं धरा, म्हणजे १५ टक्के वेळ लोडवरून अनलोडवर गेला, तासाला साधारण ४ युनिट. वर्षाला ६,००० तास आणि युनिटला ९ रुपये धरले तर सव्वादोन लाखांच्या जवळ जातं. रेट आणि तास त्यांच्या बिलातून आणि लॉगबुकातून घ्या, माझे नाही.

तुम्ही म्हणाल, अरे पण गळती बंद झाली तर नवीन मशीन कशाला घेतील? हा प्रश्न बरोबर आहे आणि कधीकधी खरंच घेत नाहीत. पण त्याच हिशोबात ते ११ किलोवॅट दिसतात ना, अनलोडवर फुकट जाणारे, गळती बंद केल्यावर मशीन अजून जास्त वेळ अनलोडवर राहणार, आणि व्हीएफडीचं काम तिथेच सुरू होतं. शिवाय आता हवा कमी लागते म्हणजे कदाचित ३७ च्या जागी ३० चं मशीन पुरेल. स्वतःहून छोटं मशीन सुचवणारा माणूस साहेबांना लक्षात राहतो, हे मी अगदी मनापासून सांगतो.

चौथा मेल जानेवारीत, बजेट भरायच्या आधी. आता वाचणारा बदलला. मेंटेनन्सच्या साहेबांना पटलंय, पण सही फायनान्सची लागते आणि त्यांना बार, लोड-अनलोडशी घेणं-देणं नाही. म्हणून एकच पान बनवा, जसंच्या तसं फॉरवर्ड करता येईल असं. आज वर्षाला किती वीज, बदलल्यावर किती, मशीनची किंमत, पैसे किती महिन्यांत वसूल, आणि खाली दिवाळीचं रीडिंग, त्यांच्याच माणसाने घेतलेलं. तुमचा लोगो छोटा ठेवा. आणि जुन्याच मेलवर रिप्लाय करून पाठवा, म्हणजे ऑगस्टपासूनचा सगळा इतिहास खाली आपोआप जातो.

मग मार्चमध्ये एक छोटासा, कॉम्प्रेसर रूमची गरम हवा बाहेर काढायचा, कारण आत शिरणारी हवा दर ४ अंशांनी तापली की वीज साधारण १ टक्का जास्त लागते आणि नाशिकचा एप्रिल-मे तुम्हाला माहितीच आहे.

मेल चालतायत की नाही हे कसं ओळखायचं? ओपन रेटवर जाऊ नका, २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप प्रायव्हसी सेटिंग चालू असेल तर इमेज आधीच लोड करून ठेवतं, त्यामुळे न वाचलेला मेलसुद्धा उघडलेला दिसतो. खरी खूण म्हणजे सीसीमध्ये नवीन नाव येणं, किंवा कोणीतरी विचारणं की हे ९ रुपये कुठून धरले. असा प्रश्न आला तर त्याच दिवशी उत्तर द्या, तेव्हा गॅप-बिप काही पाळायचा नाही.

आणि दिवाळीचं रीडिंगच आलं नाही तर? लगेच आठवण करू नका. डिसेंबरात एकदाच विचारा, "सर, एखाद्या साप्ताहिक सुट्टीला मी स्वतः येऊन मोजून देऊ का?" त्यालाही उत्तर नसेल तर बजेटचं पान बनवायला तुमच्याकडे आकडेच नाहीत, मग अंदाजाचे आकडे घालून ते पाठवू नका, सरळ लिहा की या वर्षी मी थांबतो, पुढच्या दिवाळीआधी टेस्टची आठवण करतो, आणि तेवढी तारीख आत्ताच फोनमध्ये टाकून ठेवा.