अंदाज खरा, परतावा खोटा

नमस्कार, श्रोतेहो.

जानेवारी 2008 आठवतोय? सेन्सेक्सने 21 हजारांचा टप्पा ओलांडला होता. रिलायन्स पॉवरच्या आयपीओवर लोकांच्या उड्या पडल्या. किरकोळ गुंतवणूकदारांना तो शेअर 430 रुपयांना मिळाला. पायाभूत सुविधा, ऊर्जा अशा एकाच क्षेत्रात पैसे घालणारे म्युच्युअल फंडही त्या काळात जोरात विकले जात होते. सांगणं एकच: देशाला वीज लागणार.

आणि ते खरं ठरलं. मार्च 2008 मध्ये देशाची वीजनिर्मिती क्षमता सुमारे 1 लाख 43 हजार मेगावॅट होती. दहा वर्षांत ती दुपटीच्याही पुढे गेली. पण शेअर बाजारातला ऊर्जा निर्देशांक तेव्हाही 2008 च्या शिखराच्या खूप खालीच होता.

असं का झालं? तेजीत भांडवल सहज मिळतं, म्हणून प्रत्येकजण वीजप्रकल्प उभारायला निघाला. मग कोळसा पुरेना, वितरण कंपन्यांकडची बिलं थकू लागली आणि कर्जाचं व्याज मात्र चालूच राहिलं. वीज वाढली, पण भागधारकाच्या वाट्याला नफा उरला नाही.

त्यात चढ्या भावाची भर. एक हिशेब करून पाहू. शेअरचा भाव 100 रुपये, प्रतिशेअर नफा अडीच रुपये. म्हणजे आपण नफ्याच्या 40 पट मोजले. दहा वर्षांनी नफा दुप्पट, पाच रुपये झाला, पण बाजार आता 18 पटच द्यायला तयार आहे. भाव किती? 90 रुपये. कंपनी वाढली आणि आपण मुद्दलातच खोट खाल्ली.

मग असे एकाच क्षेत्राचे फंड नेमके तेजीतच का येतात? कारण तेव्हाच ते विकले जातात. शिवाय सेबीच्या 2017 च्या नियमांनी लार्ज कॅप, मिड कॅप अशा बहुतेक प्रकारांत प्रत्येक फंड कंपनीला एकेकच योजना ठेवली. क्षेत्रीय आणि थीमॅटिक योजनांना ती मर्यादा घातली नाही. नवं काही आणायचं तर वाट तिथूनच जाते. एनएफओचं, म्हणजे नव्या फंडाच्या पहिल्या विक्रीतलं, दहा रुपयांचं युनिट स्वस्त असतं, हा समज तर मनातून काढूनच टाका. आतले शेअर बाजारभावानेच घेतले जातात.

असा फंड घ्यायचा मोह झाला, तर जाहिरातीतला गेल्या एक-दोन वर्षांचा परतावा बाजूला ठेवा. त्या क्षेत्राच्या निर्देशांकाचं पीई गुणोत्तर, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, आज किती आणि गेल्या दहा वर्षांत सरासरी किती, हे पाहा. सिमेंट, धातू, वीज अशा चढउताराच्या धंद्यांत मात्र नफा शिखरावर असताना पीई कमी दिसून फसवतं. तिथे भावाची तुलना पुस्तकी मूल्याशी, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेशी करा. निर्देशांक नव्यानेच तयार केलेला असेल, तर त्याचा जुना आलेख नंतर मागे जाऊन काढलेला असतो, त्याला फार वजन देऊ नका. आणि लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालणारा फ्लेक्सी कॅप फंड तुमच्याकडे असेल, तर त्याचं मासिक विवरण उघडून पहिले दहा शेअर वाचा. त्या क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्या बहुतेकदा तिथे आधीच असतात.