मितिलीनीची दुसरी नाव

श्रोतेहो, नमस्कार. आज आपण जाणार आहोत अथेन्सला, इ.स.पूर्व पाचव्या शतकात. तिथे लोक प्रतिनिधी निवडून पाठवत नसत. युद्ध करायचं का, तह करायचा का, हे नागरिक स्वतः जमून ठरवत. प्निक्स नावाच्या टेकडीवर सभा भरायची. कोणते विषय घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकून निवडलेलं 500 जणांचं मंडळ आधी ठरवायचं. मग दवंडीवाला पुकारायचा, "कोणाला बोलायचंय?" ज्याला बोलायचं तो उठे, बोले, आणि शेवटी हात वर करून मतदान होई. हात एकेक करून मोजत नसत, प्रमुख मंडळी नजरेनंच अंदाज घेत. आपल्या सभांमध्ये पहिला अर्धा तास हारतुरे आणि सत्कारात जातो. ते बंद करून थेट "कोणाला बोलायचंय" असं विचारावं, हे माझं फार जुनं मत आहे.

आता मला सांगायची आहे ती गोष्ट. साल इ.स.पूर्व 427. लेस्बॉस बेटावरच्या मितिलीनी या शहरानं अथेन्सविरुद्ध बंड केलं होतं. ते मोडलं, शहर शरण आलं. अथेन्सची सभा जमली आणि रागाच्या भरात ठरलं की शहरातल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार मारायचं आणि बायकामुलांना गुलाम करायचं. हुकूम घेऊन एक नाव सेनापती पाखेसकडे निघालीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी लोकांचा राग ओसरला. बंड काही मोजक्यांनी केलं आणि आपण अख्खं शहर मारायला निघालो, हे त्यांच्या मनाला लागलं. पुन्हा सभा भरली. क्लेऑन नावाचा पुढारी म्हणाला, ठरलं ते ठरलं, दया दाखवाल तर साम्राज्य जाईल. त्याच्या विरोधात डायोडोटस नावाचा नागरिक उठला. त्यानं दयेची भीक मागितली नाही. त्यानं विचारलं, आपला फायदा कशात आहे? शरण आलं तरी मरणच असेल, तर उद्या बंड करणारं शहर शेवटच्या माणसापर्यंत लढेल. आपल्या हाती उद्ध्वस्त गाव येईल, खंडणी कुठून येणार? हात वर झाले. दोन्ही बाजूंचे हात जवळजवळ सारखेच. डायोडोटस थोडक्यात जिंकला.

पण पहिली नाव सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे होती! दुसरी नाव तातडीनं सोडली. अथेन्समध्ये असलेल्या मितिलीनीच्या दूतांनी वल्हेकऱ्यांसाठी मद्य आणि सातूचं पीठ दिलं, वेळेवर पोहोचलात तर मोठं बक्षीस देऊ म्हणाले. अशा नावेवर 170 वल्ही असत. माणसं वल्हवता वल्हवताच मद्यात आणि तेलात मळलेलं पीठ खात होती, पाळीपाळीनं झोपत होती. वारा आडवा आला नाही. पहिल्या नावेलाही असल्या कामाची घाई नव्हती. पहिली नाव पोहोचली, पाखेसनं हुकूम वाचला, अंमल सुरू करणार तेवढ्यात दुसरी नाव बंदराला लागली. शहर वाचलं. तरी बंडाचे सूत्रधार म्हणून पकडलेल्या हजारावर माणसांना क्लेऑनच्या ठरावानं मारलंच.

श्रोतेहो, परत सांगतो, हा निर्णय दोन्ही दिवशी लोकांनीच घेतला. पण लोक म्हणजे कोण? अथेन्सचे प्रौढ नागरिक पुरुष, फक्त तेच. मुलगा 18 वर्षांचा झाला की त्याच्या गावाची सभा मत घेऊन ठरवी की वय भरलंय का, जन्मानं तो नागरिक आहे का. अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याच्या इ.स.पूर्व 451 च्या कायद्यानं आई आणि बाप दोघंही अथेन्सचेच हवेत, असं ठरलं होतं. गंमत नाही ही, आईच्या रक्तावर मुलाचं मत ठरायचं, पण खुद्द आईला मत नव्हतं.

स्त्रियांना मत नाही. गुलामांना मत नाही. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांना मत नाही, मग ते पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले का असेनात. ते कर भरत, सैन्यात जात, वल्हीही मारत.

लिसियस हा असाच एक. त्याच्या घरचा ढालींचा कारखाना होता. इ.स.पूर्व 404 मध्ये जुलमी राजवटीनं त्याची मालमत्ता लुटली, भावाला मारलं. लोकशाही परत आणायला लढणाऱ्यांना त्यानं पैसे आणि ढाली दिल्या. लोकशाही आल्यावर सभेनं त्याला नागरिकत्व दिलं, पण ठराव आधी त्या 500 जणांच्या मंडळातून आला नव्हता म्हणून तो रद्द झाला. लिसियस पुढे भाषणं लिहून पोट भरू लागला. त्याची भाषणं नागरिक न्यायालयात उभं राहून म्हणत. नमस्कार.