दोन पिवळ्या रेषा आणि न दिसणारी तिसरी ऑर्डर

[दृश्य: अंधारी खोली. सोडियमचा दिवा सुरू होतो.]

दिवा लावला की सुरुवातीला तो लालसर गुलाबी दिसतो. हा रंग आत भरलेल्या निऑनचा. सोडियम तापून त्याची वाफ व्हायला दहाएक मिनिटं जातात आणि मग खोलीभर पिवळा प्रकाश पसरतो. डोळ्याला तो एकच रंग वाटतो, पण त्यात दोन पिवळे आहेत. एकाची तरंगलांबी ५८९.० नॅनोमीटर, दुसऱ्याची ५८९.६. हजारात जेमतेम एकाचा फरक.

[दृश्य: ग्रेटिंग, अगदी जवळून. कडेने धरलेली बोटं.]

ही काच कडेनंच धरायची, कारण मधे बोट लागलं तर ठसा पुसून निघत नाही. हिच्यावर दर मिलिमीटरला ६०० रेषा आहेत, म्हणजे शेजारच्या दोन रेषांमधलं अंतर १६६७ नॅनोमीटर. रेषांमधल्या प्रत्येक फटीतून प्रकाश सगळीकडे पसरतो. पण ठरावीक दिशांनाच शेजारच्या फटींमधून आलेल्या लाटा एकमेकींना साथ देतात. एक लाट दुसरीच्या बरोबर एक तरंगलांबी मागे असेल, तर ती पहिली ऑर्डर. दोन तरंगलांबी मागे असेल, तर दुसरी.

d sinθ = mλ

एवढंच सूत्र पुरतं. d हे रेषांमधलं अंतर, θ हा काचेच्या लंबापासूनचा कोन, m हा ऑर्डरचा आकडा आणि λ ही तरंगलांबी.

[दृश्य: दोन स्क्रूंच्या आट्यांवर गुंडाळली जाणारी बारीक तार.]

१८२१च्या सुमाराला योसेफ फ्राउनहोफरनं ग्रेटिंग असंच केलं होतं. दोन स्क्रू समांतर धरायचे आणि त्यांच्या आट्यांच्या खाचांमध्ये बारीक तार ताणून गुंडाळायची. आटे जितके सारखे, तितकी तारांमधली अंतरं सारखी. हे अंतर मोजता येतं, कोन मोजता येतो, म्हणून तरंगलांबी थेट हातात येते. सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषांना त्यानं आधीच अक्षरं दिली होती. पिवळ्या जागेतल्या रेषेचं अक्षर होतं D, आणि ती रेषा म्हणजे आपल्या दिव्यातली हीच जोडी. तार गुंडाळताना बघत राहावंसं वाटतं, म्हणून हे दृश्य आम्ही कापलेलं नाही.

[दृश्य: स्पेक्ट्रोमीटर. टेलिस्कोप हळूहळू फिरतो. आयपीसमधून दिसणारं चित्र.]

दिव्याचा प्रकाश समांतर करणाऱ्या नळीच्या, म्हणजे कोलिमेटरच्या समोर ग्रेटिंग प्रकाशाला बरोबर काटकोनात ठेवलंय. टेलिस्कोप सरळ रेषेपासून फिरवत नेला की २०.७ अंशांवर पिवळी रेषा येते. ही पहिली ऑर्डर. रेषा एकच दिसते, जाड आणि कडांना जराशी पुसट.

इथेच बहुतेकांचं वाचन संपतं. 'ग्रेटिंग कमी प्रतीचं आहे' असं म्हणून लोक वहीत एकच कोन लिहितात. मला हे पटत नाही, कारण इथे दोष ग्रेटिंगचा नाही. दोन रेषा वेगळ्या करण्याची ग्रेटिंगची ताकद म्हणजे ऑर्डरचा आकडा गुणिले प्रकाश पडलेल्या रेषांची संख्या. सोडियमच्या जोडीसाठी ती साधारण ९९० लागते. इथे २० मिलिमीटर रुंदीवर प्रकाश पडलाय, म्हणजे १२,००० रेषा. पहिल्याच ऑर्डरला गरजेच्या बारापट ताकद आहे.

मग रेषा का फुटत नाही? कोलिमेटरच्या तोंडाशी प्रकाश आत घेणारी अरुंद फट आहे, त्या स्लिटकडे बघा.

[दृश्य: स्लिटचा स्क्रू, अगदी जवळून.]

स्लिट ०.१ मिलिमीटर उघडी आहे आणि कोलिमेटरच्या भिंगाचं नाभीय अंतर १८ सेंटिमीटर. आयपीसमध्ये दिसणारी प्रत्येक रेषा ही या स्लिटचीच प्रतिमा असते. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. पहिल्या ऑर्डरला या प्रतिमेची रुंदी २ मिनिटं कोन भरते आणि दोन पिवळ्यांमधलं अंतर फक्त १.३ मिनिटं. दोन रुंद पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि डोळ्याला एकच दिसते.

आता स्लिटला हात न लावता टेलिस्कोप पुढे नेऊ.

[दृश्य: टेलिस्कोप ४५ अंशांवर. दोन रेषा. शांतता.]

४५ अंश. दुसरी ऑर्डर.

इथे दोघींमधलं अंतर ३.५ मिनिटं झालंय. स्लिटची प्रतिमाही रुंदावली, पण २.७ मिनिटांपर्यंतच. मधे काळी फट उरते. आतल्या बाजूची ५८९.०, बाहेरची ५८९.६. स्लिट आणखी मिटवली की दोन्ही रेषा मंद होतात, पण केसासारख्या बारीक होतात. पहिल्या ऑर्डरलाही स्लिट निम्मी केली तर जोडी फुटते, जेमतेम.

[दृश्य: ग्रेटिंगसमोर काळ्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे जवळ आणले जातात.]

आता ग्रेटिंगची ताकद खरोखर कमी करून बघू. स्लिट बारीकच ठेवलीय. पुठ्ठ्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट उरली, म्हणजे ३०० रेषा उघड्या राहिल्या. दुसऱ्या ऑर्डरला ताकद ६०० झाली आणि जोडी पुन्हा एक झाली. पुठ्ठे २ मिलिमीटरपर्यंत दूर केले, तर त्या परत सुट्या होतात. कोन तोच, रेषांमधलं अंतरही तेच. बदलली फक्त प्रत्येक रेषेची धार.

 

[दृश्य: टेलिस्कोप ४५ अंशांच्या पुढे. काळोख.]

तिसऱ्या ऑर्डरला अंतर आणखी वाढायला हवं. टेलिस्कोप ९० अंशांपर्यंत नेला तरी काहीच येत नाही. १६६७ला ५८९नं भागलं की २.८ येतात. तिसऱ्या ऑर्डरसाठी sinθ ची किंमत १.०६ लागते, आणि असा कोन नसतो. प्रकाश मंद आहे म्हणून ती दिसत नाही असं नाही, त्या ऑर्डरला दिशाच नाही. ही गल्लत होऊ नये, कारण दुसरंही एक कारण असतं: ग्रेटिंगमधली पारदर्शक फट अंतराच्या बरोबर निम्मी असेल, तर दुसरी ऑर्डर गणितात असूनही अंधारी राहते. नुसतं आयपीसमध्ये बघून हा फरक कळत नाही, आधी भागाकार करावा लागतो.

[दृश्य: प्रिझम टेबल फिरतं. ग्रेटिंग कलतं.]

पण ग्रेटिंग काटकोनातच ठेवलं पाहिजे असा नियम कुठे आहे? टेबल टेलिस्कोपच्या बाजूला ३० अंश फिरवलं. आता प्रकाश ग्रेटिंगवर तिरपा येतो, त्यामुळे शेजारच्या लाटांमध्ये काचेपर्यंत पोचण्याआधीच अर्ध्या d एवढा फरक पडलेला असतो. उरलेला फरक पलीकडे मिळवायचा.

d (sin i + sinθ) = mλ

i हा प्रकाश लंबापासून जितका तिरपा येतो तो कोन, इथे ३० अंश. तिसऱ्या ऑर्डरसाठी sinθ आता ०.५६, म्हणजे काचेच्या लंबापासून ३४ अंश. टेलिस्कोप सरळ रेषेपासून एकूण ६४ अंशांवर आणायचा.

[दृश्य: आयपीसमध्ये दोन रेषा, आधीपेक्षा दूर. बराच वेळ तेच चित्र.]

अंतर जवळपास साडेचार मिनिटं. स्लिटची प्रतिमा दोन मिनिटं.

[दृश्य: टेलिस्कोप दुसऱ्या बाजूला.]

त्या बाजूला मात्र गणित उलटं होतं. तिसरी ऑर्डर सोडाच, दुसरीही नाहीशी झालीय. एकटी पहिली उरलीय, लंबापासून ५८ अंशांच्या पलीकडे. म्हणून कललेल्या ग्रेटिंगवर दोन्ही बाजूंची वाचनं घेऊन सरासरी काढता येत नाही, आणि टेबल किती फिरवलं तेही लिहून ठेवावं लागतं.

या ग्रेटिंगवर कितीही कलवलं तरी मर्यादा २d भागिले λ, म्हणजे ५.७. पाचवी ऑर्डर कागदावर आहे, तिथे प्रकाश लंबापासून साधारण ६२ अंश तिरपा येतो आणि तितकाच तिरपा जातो. आमच्या कॅमेऱ्यात ती आली नाही.

[दृश्य: दिवा बंद. आयपीसमधल्या दोन रेषा विझत जातात.]