पिवळ्याधमक बेदाण्यातला २२०

[दृश्य: रविवार कारंजा, किराणा दुकान. काट्यावर बेदाण्याचे दोन ढीग.]

"ताई, पिवळा देऊ की काळपट?" दुकानदार विचारतात. ताईंचा हात आपसूक पिवळ्याकडे जातो.

[दृश्य: पाकिटाची मागची बाजू, जवळून.]

पाकीटबंद बेदाणा घेतलात तर ते उलटं करा. घटकांच्या बारीक ओळीत 'प्रिझर्व्हेटिव्ह २२०' दिसेल. हा आयएनएस क्रमांक, म्हणजे खाद्यपदार्थांत घातल्या जाणाऱ्या पदार्थांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक. शंभरच्या घरात रंग, दोनशेच्या घरात माल टिकवणारे पदार्थ, चारशेच्या घरात बहुतेक घट्टपणा आणणारे आणि तेल-पाणी एकजीव ठेवणारे. नुसता आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व, ३३० म्हणजे लिंबातही असतं ते सायट्रिक आम्ल. चॉकलेटमधलं ३२२ हे लेसिथिन, तेही बहुधा सोयाबीनचं. सोयाची ॲलर्जी असेल त्यानेच तिथे थांबावं.

पण २२० ते २२८ दिसले की मी थांबते. हे सगळे सल्फाइट गटातले.

[दृश्य: निफाड भागातली बेदाण्याची शेड.]

इथे द्राक्षांचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर सावलीत सुकवतात. नंतर गंधकाची धुरी. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो, तोच आपला २२०. कापलेलं सफरचंद ज्या विकरामुळे काळं पडतं, त्यालाच तो थोपवतो. म्हणून रंग सोनेरी राहतो आणि बुरशीही रोखली जाते.

बहुतेकांना हा बेदाणा सोसतो. दमा असलेल्यांपैकी काहींना मात्र त्याने छाती आवळते, खोकला उसळतो. आणि लहान मुलांच्या बाबतीत हिशेब फार लवकर भरतो. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने घातलेली रोजची मर्यादा आहे वजनाच्या दर किलोमागे ०.७ मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला १४ मिलिग्रॅम. समजा, किलोभर बेदाण्यात हजार मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड आहे. म्हणजे ग्रॅमला एक. चौदा ग्रॅम बेदाणे, साधारण पंचवीस-तीस दाणे, की मर्यादा गाठली. एका दिवशी जास्त खाल्ले म्हणून विषबाधा होत नाही. ही मर्यादा आयुष्यभर रोज खाण्याची आहे. पण रोज डब्यात मूठभर देत असाल, तर हा हिशेब मांडायलाच हवा.

[दृश्य: पुन्हा दुकान. सुटा बेदाणा कागदी पुडीत.]

खरी अडचण सुट्या मालाची. पुडीवर ना २२० छापलेलं, ना सल्फाइटची सूचना. वासावर विसंबू नका. धुरी जुनी झाली की वास उरत नाही. रंग मात्र सुगावा देतो: जितका फिका, एकसारखा सोनेरी, तितकी धुरीची शक्यता जास्त. भिजवून पाणी टाकलं तर थोडा अंश जातो, सगळा नाही.

ताई विचारतात, "दादा, याला धुरी दिलीय?"

"पिवळ्याला दिलेलीच असते."

"मग काळपटच द्या. पोराला दमा आहे."