न बदलता पार होणारा प्रकाश

[दृश्य: लाल लेसर, एकमेकांशी काटकोनात लावलेले दोन पोलरायझर, काळा पडदा.]

आता मध्ये क्वार्टर-वेव्ह प्लेट ठेवू आणि ती सावकाश फिरवू. लाल ठिपका उजळतो, मंदावतो, नाहीसा होतो. पूर्ण फेरीत चार वेळा अंधार होतो.

अंधार झाला, म्हणजे पहिल्या पोलरायझरने ठरवलेली कंपनाची दिशा प्लेटमधून जशीच्या तशी बाहेर आली. क्वार्ट्झच्या या प्लेटमध्ये एकमेकींना लंब अशा दोन दिशा आहेत. त्या दिशांनी कंप पावणाऱ्या प्रकाशाचे वेग किंचित वेगळे असतात. 633 नॅनोमीटरच्या लेसरसाठी सुमारे 17 मायक्रॉन जाडीत एक घटक पाव तरंगलांबीने मागे पडतो. प्रकाश या दोनपैकी एकाच दिशेने कंपत असेल, तर तुलनेला दुसरा घटकच नसतो. त्याची फक्त फेज सरकते.

1941 साली रॉबर्ट क्लार्क जोन्स यांनी ध्रुवीकरण दोन संमिश्र संख्यांच्या सदिशाने आणि प्लेट 2×2 मॅट्रिक्सने मांडली. आपल्या प्लेटच्या मॅट्रिक्समध्ये कर्णावर 1 आणि i आहेत. न बदलणाऱ्या अवस्था म्हणजे या मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर. 1 आणि i या आयगेनव्हॅल्यू, म्हणजेच त्या फेज. प्लेट फिरवून अंधार शोधताना आपण हातानेच आयगेनव्हेक्टर शोधत होतो.

[दृश्य: दुसरी तशीच प्लेट, पहिलीशी 45 अंशांत जोडलेली.]

आता खरी गंमत. ही जोडी एकत्र फिरवा. ठिपका एकदाही विझत नाही. सगळ्यात मंद असतानाही पहिल्या पोलरायझरमधून आलेल्या प्रकाशाचा चौथा भाग पडद्यावर पोहोचतो, सगळ्यात तेजस्वी असताना पाऊण भाग. प्लेट खराब आहे का? नाही. दोन्ही प्लेटच्या मॅट्रिक्सचा गुणाकार करून पाहू, दोन्ही घटकांना सारखीच लागणारी फेज सोडून देऊ.

[पडद्यावर: M = (1/√2) [[1, 1], [−i, i]] ]

याचा एक आयगेनव्हेक्टर आहे (1, 0.366(1−i)). दुसरा घटक पहिल्याच्या सुमारे 0.52 पट आणि फेजमध्ये 45 अंशांनी वेगळा. असा प्रकाश सरळ रेषेत कंपत नाही, लंबवर्तुळ काढतो. त्याचा मोठा अक्ष 22.5 अंशांवर कललेला असतो. दुसरा आयगेनव्हेक्टरही लंबवर्तुळच, पण त्याचा मोठा अक्ष पहिल्याच्या मोठ्या अक्षाला लंब आणि तो उलट दिशेने फिरणारा. साधा पोलरायझर फक्त रेषीय प्रकाश देतो, त्यामुळे या दोन अवस्था त्याच्या हाती कधीच लागत नाहीत.

या जोडीच्या दोन आयगेनव्हॅल्यूंमध्ये फेजचा फरक भरतो 120 अंश. म्हणून अशा तीन जोड्या त्याच क्रमाने, त्याच कोनात एकामागोमाग ठेवल्या, की फरक 360 अंश होतो. मग दोन्ही आयगेनव्हॅल्यू सारख्या होतात आणि प्रत्येकच सदिश आयगेनव्हेक्टर ठरतो. सहाही प्लेट्स एकत्र कशाही फिरवा, पडदा काळाच राहतो. एका जोडीतल्या प्लेट्सचा क्रम उलटला, तर मात्र फिरवताना ठिपका लगेच परत दिसू लागतो.