पत्ता नको, गेट सांगा

मंडळी, विषय जाहीर झालाय तो ‘नेटशिवाय शहरात फिरताना’. नकाशातल्या जागांचे बुकमार्क कसे साठवावेत हे सांगायचं मी कबूल केलंय आणि ते सांगणारही आहे. पण त्याआधी एक गैरसमज निकालात काढू. नेट गेलं की जीपीएसही जातं, असं कोणाकोणाला वाटतं? लाजू नका, हात वर करा. बरेच आहेत.

तर जीपीएसचे उपग्रह साधारण 20,200 किलोमीटर उंचीवरून नुसतं बोलत असतात. आपला फोन त्यांचं फक्त ऐकतो, त्यांना उलट काही पाठवत नाही. चार उपग्रह नीट ऐकू आले की तुम्ही कुठे आहात ते फोन स्वतःच काढतो. यात नेटचा एकच उपयोग, तो म्हणजे वेळ वाचवणं. कोणता उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती नेटवरून पटकन मिळते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून संथपणे ऐकून घ्यावी लागते आणि तो ती दर 30 सेकंदांनी पुन्हा सांगतो. त्यामुळे भुयारी स्थानकातून वर आल्यावर निळा ठिपका भलतीकडे दिसला तर फोन झटकू नका. मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर उभे राहा. ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ आकसत जातं, तेवढं होऊ द्या आणि मग पाऊल उचला. आपली माणसं नेमकी त्याच मिनिटात तरातरा चालू लागतात, तेही उलट दिशेला!

आता माझं दुखणं. लोक आजकाल पत्ता सांगत नाहीत, ‘लोकेशन टाकतो’ म्हणतात. टाकतात काय, तर एक आखूड लिंक. माझे एक नातेवाईक मोठ्या रुग्णालयात दाखल होते. भाच्याला म्हटलं, कुठे यायचं ते नीट कळव. त्याने लिंक टाकली, खाली अंगठा दाखवला आणि त्याचं कर्तव्य संपलं. मी स्थानकातून बाहेर आलो तर नेट नाही. लिंकवर बोट ठेवलं, पांढरं पान. पुन्हा ठेवलं, पुन्हा पांढरं पान. नकाशा होता हो फोनमध्ये, अख्खं शहर उतरवून ठेवलेलं! पण त्या आखूड लिंकमध्ये जागा नसतेच. तिच्यात असतो एक सांकेतिक शब्द. त्याचा अर्थ दूरच्या सर्व्हरला विचारावा लागतो आणि विचारायला नेट लागतं. त्या ‘लाइव्ह लोकेशन’चंही तेच. पाठवणाऱ्याचं नेट हवं, आपलंही हवं आणि वर त्याची मुदतही संपते. भाचा हुशार आहे, संगणकातच काम करतो. म्हणून तर राग जास्त. (हशा)

बरं, म्हटलं नावाने शोधू. ऑफलाइन नकाशात रुग्णालयाचं नाव सापडलं. मार्ग मागितला, मार्गही मिळाला. इमानेइतबारे चालत गेलो आणि पोहोचलो कुठे? एका बोळात. समोर दगडी भिंत, भिंतीपलीकडे रुग्णालय. खिडक्या दिसतायत, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल दिसतोय, आणि फोन सांगतोय की आपण पोहोचलात. तिथे एक गृहस्थ स्कूटर पुसत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘गेट पलीकडच्या रस्त्याला.’ त्या बोळात दिवसभर माझ्यासारखे येत असणार.

हे का होतं ते समजून घ्या, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. नकाशात मोठं आवार म्हणजे एक आकार असतो. नावाने शोधलं की पिन बहुधा त्या आकाराच्या मधोमध पडते. आत रस्ते आखलेले नसतील, तर मार्ग काढणारी यंत्रणा पिनपासून सरळ रेषेत सर्वांत जवळचा रस्ता बघते आणि मार्ग तिथे संपवते. भिंत तिला दिसत नाही, गेट नोंदलेलं नसेल तर तेही दिसत नाही. माझ्या बाबतीत मागचा बोळ मुख्य रस्त्यापेक्षा मध्यबिंदूला जवळ होता. म्हणजे यंत्रणेने हिशोब बरोबर केला, तिला विचारलेली जागाच चुकीची होती. महाविद्यालयं, न्यायालयं, मोठ्या वसाहती, उद्यानं, सगळीकडे हाच प्रकार.

ही चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ ठीक आहे. कबूल केलेलं आता भराभर सांगतो.

घरी नेट असताना ठिकाण शोधा, पण सापडलेली पिन जशीच्या तशी साठवू नका. उपग्रहचित्र किंवा रस्त्यावरचे फोटो पाहून माणसं आत कुठून शिरतात ते शोधा आणि तिथे बोट दाबून धरून नवी पिन टाका. नाव देताना उपयोगाचा शब्द आधी लिहा: ‘गेट 2, बाह्यरुग्ण’. संस्थेचं लांबलचक नाव आधी लिहिलं तर यादीत तेवढंच दिसतं आणि गेट कापलं जातं. टिपणात दोन ओळी पुरेत: कुठल्या रस्त्याने यायचं आणि समोर काय दिसतं. दुसरी पिन टाका स्थानकाच्या ज्या दारातून बाहेर पडणार त्याची. या दोन पिना असल्या की मार्ग वाटेत कुठेही नव्याने काढता येतो.

दुसऱ्याला जागा कळवायची तर आकडे पाठवा. पिनवर बोट ठेवलं की अक्षांश-रेखांश दिसतात, ते असे:

```
48.85837, 2.29448
```

हा आयफेल टॉवर. दशांशानंतर पाच आकडे म्हणजे साधारण मीटरभराचा नेमकेपणा, गेटसाठी भरपूर. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँड या नकाशाच्या अ‍ॅपच्या शोधपेटीत हे आकडे टाकले की जागा नेटशिवाय दिसते. आधी अक्षांश, मग रेखांश. मात्र बुकमार्कची KML फाइल हाताने दुरुस्त करणाऱ्यांनी जपून राहा, तिच्यात क्रम उलटा असतो. अदलाबदल झाली की आयफेल टॉवर सोमालियाच्या पूर्वेला, हिंदी महासागरात! (हशा)

कोणतं अ‍ॅप, हा प्रश्न येणारच. गूगल मॅप्सचा उतरवलेला भाग गाडीचा रस्ता दाखवतो, पण नेटशिवाय पायी किंवा बस-रेल्वेचा मार्ग देत नाही. शिवाय त्या नकाशाला मुदत असते, ती अधूनमधून बघा. चालणाऱ्याने ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारलेली ऑरगॅनिक मॅप्स आणि ओस्मअँड ही दोन अ‍ॅप्स घ्यावीत, पायी मार्ग ती नेटशिवाय काढतात. त्यांची उणीव अशी की घरक्रमांक पुष्कळदा नसतात, म्हणून पत्त्याने शोधायच्या भरवशावर राहू नका, पिन आधीच टाका. ऑरगॅनिक मॅप्समध्ये खातं वगैरे नसतं, बुकमार्क फोनमध्येच राहतात. फोन बदलण्याआधी ते निर्यात करून घ्या.

शेवटचं, उठता उठता. निघायच्या आदल्या रात्री फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते बघा. नकाशाचं अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि स्थानकाच्या दारापासून गेटपर्यंत पायी मार्ग काढा. मार्ग उमटला पाहिजे, टिपण उघडलं पाहिजे आणि नकाशा मोठा केल्यावर गल्ल्यांची नावं दिसली पाहिजेत. राखाडी चौकोन दिसले तर तो भाग उतरलेलाच नाही, लगेच उतरवून घ्या. अध्यक्ष उभे राहिले, थांबतो. ज्यांचा फोन आत्ता हातात आहे त्यांनी चहाच्या वेळी मला गाठा, तुमची पहिली पिन तिथेच टाकू.